फेरीबोट, काळा दगड आणि पुस्तकातला तो परिच्छेद

प्रकल्प अहवालातली बहुतेक पानं आपली असतात. मोजमाप आपण घेतलेलं असतं, तक्ते आपण आखलेले असतात, फोटो आपल्याच मोबाइलमधले असतात. ‘सिद्धान्त’ या मथळ्याखालचं दीड पान तेवढं पुस्तकातून उचललेलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. मागच्या पानावर ‘आम्ही जेट्टीवर तीन वेळा जाऊन आलो’ असं लिहिणारा माणूस एकदम ‘ऊर्ध्वगामी’ आणि ‘अंशतः’ असं बोलायला लागतो.

आमचा अहवाल दाभोळ–धोपावे फेरीबोटीवर होता. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळ खाडीत ही बोट माणसं, दुचाक्या, मोटारी, टेम्पो घेऊन ये-जा करते. गाड्या चढल्या की बोट किती खाली बसते आणि पाण्याच्या खारटपणाने त्यात किती फरक पडेल, एवढाच विषय. त्यामागचं तत्त्व आर्किमिडीजचं. शाळेत घोकलेलं तत्त्व, त्यामुळे सिद्धान्ताचं पान तासाभरात होईल असा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या एका परिच्छेदाला बाकीच्या अहवालाइतकाच वेळ लागला. तो कसा लिहिला आणि मध्ये काय काय बिघडलं, ते इथे क्रमाने मांडतो आहोत.

आधी मूळ मजकूर समोर हवा. खाली दिलेला परिच्छेद कुठल्याही पुस्तकातला नाही. पाठ्यपुस्तकी धाटणी दिसावी म्हणून आम्हीच जुळवलेला नमुना आहे:

‘एखादी वस्तू द्रवामध्ये अंशतः किंवा पूर्णतः बुडवली असता तिच्यावर ऊर्ध्वगामी दिशेने प्लावक बल कार्य करते. हे बल वस्तूने विस्थापित केलेल्या द्रवाच्या वजनाइतके असते. वस्तूच्या खालच्या पृष्ठभागावरील दाब वरच्या पृष्ठभागावरील दाबापेक्षा अधिक असल्यामुळे हे बल निर्माण होते. द्रवाची घनता जितकी अधिक तितके प्लावक बल अधिक असते. प्लावक बल वस्तूच्या वजनापेक्षा कमी असल्यास वस्तू बुडते.’

यावर पहिला हात बहुतेक सगळे असाच फिरवतात: पुस्तक शेजारी उघडं, आणि प्रत्येक शब्दासाठी दुसरा शब्द. त्यातून तयार झालेला मजकूर असा दिसतो:

‘एखादा पदार्थ द्रवामध्ये अर्धवट किंवा संपूर्ण बुडवला तर त्याच्यावर वरच्या दिशेने उत्प्लावक शक्ती काम करते. ही शक्ती पदार्थाने हटवलेल्या द्रवाच्या वस्तुमानाएवढी असते. पदार्थाच्या खालच्या बाजूवरील दाब वरच्या बाजूपेक्षा जास्त असल्यामुळे ही शक्ती तयार होते. द्रवाचा दाटपणा जितका जास्त तितकी शक्ती जास्त.’

ही उचलेगिरीच आहे. शब्द बदलले, पण वाक्यांचा क्रम आणि प्रत्येक वाक्याचा सांगाडा मूळचाच राहिला. ‘असता’च्या जागी ‘तर’ आलं, ‘कार्य करते’च्या जागी ‘काम करते’. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की एकाखाली दुसरा छापल्यासारखा बसतो. जुन्या लुगड्याला नवी ठिगळं लावली म्हणून ते नवं लुगडं होत नाही.

पण उचलेगिरीहून मोठा घोटाळा पुढे आहे. शब्द बदलताना भौतिकशास्त्र मोडलं. पाच शब्द बदलले आणि पाचही ठिकाणी अर्थ घसरला. ‘वस्तू’ म्हणजे समोरची बोट किंवा दगड. ‘पदार्थ’ म्हणजे ती ज्याची बनली आहे ते लोखंड, लाकूड. लोखंड हा पदार्थ बुडतो, लोखंडाची बोट ही वस्तू तरंगते. आमच्या अहवालाचा सगळा मुद्दा याच फरकावर उभा, आणि पहिल्याच शब्दात तो गेला. ‘बल’ आणि ‘शक्ती’ बोलण्यात एकच, पण भौतिकशास्त्राच्या मराठीत शक्ती म्हणजे काम होण्याचा दर, जो वॅटमध्ये मोजतात. ‘वजन’ हे बल आहे, ते न्यूटनमध्ये, ‘वस्तुमान’ किलोग्रॅममध्ये. बल वस्तुमानाएवढं असूच शकत नाही, जसं अंतर तासांएवढं असू शकत नाही. ‘अंशतः’ म्हणजे थोडा किंवा जास्त, कितीही भाग. ‘अर्धवट’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे निम्मा येतो. आणि ‘घनता’चं ‘दाटपणा’ हे तर सगळ्यांत फसवं. खोबरेल तेल पाण्यापेक्षा दाट ओघळतं, तरी पाण्यावर तरंगतं, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. नारळाच्या गावात राहून ही चूक अहवालात छापली तर हसंच व्हायचं.

तेव्हा पहिलं काम शब्द बदलायचं नाही. कोणते शब्द बदलायचे नाहीत ते ठरवायचं. आम्ही वहीच्या डाव्या बाजूला एक रकाना आखला आणि त्यात कुलूपबंद शब्द लिहिले: प्लावक बल, दाब, घनता, वजन, आकारमान. हे शब्द कुणा लेखकाचे नाहीत, विषयाचे आहेत. ते जसेच्या तसे वापरणं म्हणजे चोरी नाही. सूत्राचंही तसंच:

```
F = ρVg
```

इथे F म्हणजे प्लावक बल, ρ म्हणजे द्रवाची घनता, V म्हणजे वस्तूचा जेवढा भाग द्रवाखाली आहे त्याचं आकारमान आणि g म्हणजे गुरुत्वीय त्वरण. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली उच्च शिक्षण संस्थांसाठी वाङ्मयचौर्याविषयी जे विनियम काढले, त्यातही साधर्म्य मोजताना सर्वसामान्य संज्ञा, नियम, प्रमाण चिन्हं आणि प्रमाण समीकरणं वगळायला सांगितलं आहे. त्यामुळे सूत्र वेगळं दिसावं म्हणून ρ च्या जागी d आणि V च्या जागी x लिहिण्याची कसरत कुणी करू नये. तसे अहवाल आम्ही पाहिलेत. त्यात पुढच्या पानावर लेखक स्वतःच गोंधळतो.

‘वस्तूने विस्थापित केलेल्या द्रवाच्या वजनाइतके’ ही शब्दसाखळी मात्र कुलपात जात नाही. ‘विस्थापित’ हा शब्द एकटा घेतला तर विषयाचा. पूर्ण साखळी पुस्तकाची.

याच विनियमांमधल्या आणखी एका तरतुदीचा उलटा अर्थ काढला जातो. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द, सलग चौदा शब्दांपर्यंत, मोजणीत धरू नयेत असं तिथे म्हटलंय. त्यावरून ‘तेरा शब्द उचला, चौदावा बदला’ अशी युक्ती होस्टेलवर फिरते. तरतूद योगायोगासाठी आहे, युक्तीसाठी नाही, हे सोडलं तरी मराठीत हा आकडा फारच सैल पडतो. आपले विभक्तीप्रत्यय शब्दालाच चिकटतात. वरची साखळी मराठीत मोजून पाच शब्दांची आहे. तीच गोष्ट इंग्रजीत सांगायला दहा-अकरा शब्द लागतात. म्हणजे मराठीत चौदा शब्द सलग उचलले तर दोन वाक्यांचा ऐवज उचलला गेला. आम्ही स्वतःपुरती मर्यादा चार शब्दांची ठेवली: कुलूपबंद संज्ञा सोडून सलग पाच शब्द पुस्तकाशी जुळले तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

आता वाचन. परिच्छेद तीनदा वाचला, पण तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा नुसता अर्थ लावायला. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं ते समासात लिहायला. नमुन्याच्या परिच्छेदात असे पाच प्रश्न निघाले: काय घडतं, किती घडतं, का घडतं, कशावर अवलंबून आहे, आणि नाही पुरलं तर काय होतं. तिसऱ्यांदा वाचताना पाहायचं की पुस्तकाने काय सांगितलं नाही. इथे एक मोठी फट सापडली. बल कमी पडलं तर वस्तू बुडते हे सांगितलं, पण तरंगणाऱ्या वस्तूचं काय, ते वाक्यच नाही. आणि आमची बोट तर तरंगणारी! पुस्तक शब्दशः उतरवलं असतं तर आम्हाला लागणारी नेमकी गोष्टच अहवालात आली नसती.

यानंतर पुस्तक मिटायचं. नुसतं पालथं ठेवून भागत नाही, डोळा जातोच. ते दुसऱ्या खोलीत ठेवावं. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा. लगेच लिहायला बसलं तर कानात पुस्तकाचीच लय घुमत असते आणि हातातून ‘बुडवली असता’ आपोआप उतरतं. समोर फक्त कुलूपबंद शब्दांचा रकाना आणि पाच प्रश्न. शक्य असेल तर लिहिण्याआधी एकदा तोंडी सांगावं, आणि ऐकणारा माणूस विज्ञानाचा नसला तर उत्तमच. जेट्टीवर तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या काकांना सांगताना कुणीही ‘ऊर्ध्वगामी’ म्हणत नाही. ‘पाणी तळाला खालून रेटतं’ असंच तोंडून येतं, आणि ते वाक्य आपलं असतं.

लिहायला सुरुवात कुठून करायची, हा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. पुस्तक नियमापासून सुरू होतं आणि कारण मागून देतं. आम्ही कारणापासून सुरुवात केली, कारण आमच्यासमोर बोट होती आणि बोटीला तळ होता. क्रम बदलला की वाक्यांचे सांगाडे आपोआप बदलतात. मुद्दाम शब्द शोधावे लागत नाहीत. नुसती वाक्यं पत्त्यांसारखी पिसणं म्हणजे मात्र क्रम बदलणं नव्हे. नव्या क्रमात एकातून दुसरं वाक्य निघालं पाहिजे. दाबापासून सुरुवात केली तर दाबातून बल, बलातून त्याचं माप, मापातून बोटीचं खाली बसणं, असा ओघ लागतो.

पहिल्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य असं उतरलं: ‘वस्तू पाण्यात टाकली की ती स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते.’ ऐकायला छान, शब्द आपले, पुस्तकाशी कुठे जुळत नाही. आणि चुकीचं. ही चूक कळली ती वाक्यात आकडे घालून पाहिल्यावर. आपल्या शब्दांत लिहिलेल्या मजकुराची खरी परीक्षा तीच आहे, असं आता आमचं मत झालंय. संगणकाने काढलेला साधर्म्याचा अहवाल फक्त शब्द जुळतात का ते सांगतो; वाक्य खरं आहे का, हे तो सांगत नाही.

परीक्षेसाठी दोन वस्तू घेतल्या, एक बुडणारी आणि एक तरंगणारी. बुडणारी म्हणजे प्रयोगशाळेतला काळा दगड. इथे जांभा घेऊ नये. घराच्या भिंतीला तो उत्तम, पण त्याच्या छिद्रांत पाणी शिरत राहतं, बुडबुडे येत राहतात आणि ताणकाट्याचं वाचन एका जागी ठरत नाही. गणित सोपं राहावं म्हणून दगडाचं वस्तुमान 280 ग्रॅम आणि आकारमान 100 घन सेंटिमीटर धरू. काळ्या दगडाला हे आकडे शोभतात. दगड गोड्या पाण्यात पूर्ण बुडवला की काटा 180 ग्रॅम दाखवतो आणि तोटीच्या भांड्यातून ओसंडलेलं पाणी 100 ग्रॅम भरतं. घट 100 ग्रॅमची, पाणी 100 ग्रॅमचं, तत्त्व जमलं. (अहवालात याचं बल करून लिहायचं, म्हणजे साधारण 0.98 न्यूटन. ग्रॅममध्ये बल लिहिलं की ‘वजन की वस्तुमान’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत ठरलेला.)

आता आमचं वाक्य या दगडाला लावून पाहा. स्वतःच्या वजनाइतकं म्हणजे 280 ग्रॅम पाणी बाजूला सरायला हवं होतं, सरलं 100. वाक्य पडलं. मग बोटीला लावा. ती तरंगते, आणि स्थिर तरंगताना बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तिच्या एकूण वजनाइतकंच असतं. तिथे वाक्य खरं. म्हणजे चूक वाक्याच्या आवाक्यात होती: तरंगणाऱ्या वस्तूची गोष्ट सगळ्या वस्तूंना लावली गेली. बुडालेली वस्तू स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी सारते, तरंगणारी स्वतःच्या वजनाइतकं. दोन्हींना लागू पडणारं विधान एकच उरतं: जेवढा भाग पाण्याखाली, तेवढ्या जागेत मावणाऱ्या पाण्याचं वजन म्हणजे प्लावक बल. हे विधान दगड आणि बोट दोघांवरही टिकतं, म्हणून ते ठेवलं.

आवाक्याचा हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्या शब्दांत मांडताना विधान आपल्या विषयापुरतं लहान केलं तर चालतं, फक्त तसं दिसलं पाहिजे. मूळ तत्त्व द्रवांना लागू आहे तसंच वायूंनाही. पाठ्यपुस्तकं त्यासाठी ‘द्रायू’ असा शब्द वापरतात. आम्ही ‘पाणी’ म्हटलं, कारण अहवाल खाडीचा आहे, आणि परिच्छेदाची सुरुवातच बोटीपासून होते. पण एका प्रकारच्या वस्तूबद्दलचं विधान उचलून ‘कोणतीही वस्तू’ असं लिहिलं की आपण पुस्तकात नसलेला नियम पुस्तकाच्या नावावर खपवतो. संदर्भ देऊन चुकीचं लिहिणं हे संदर्भ न देता बरोबर लिहिण्यापेक्षा बरं नाही.

बोटीचे आकडेही परिच्छेदाच्या तपासणीत आले. खऱ्या बोटीची मापं अहवालाच्या तक्त्यात आहेत. इथे गणिताला सोपी मापं घेतो. समजा, पाण्याच्या पातळीवर बोटीचा आडवा छेद 200 चौरस मीटर आहे आणि गाड्यांसकट वस्तुमान 200 टन. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला साधारण 1025 किलोग्रॅम, गोड्या पाण्याची 1000. वीस टनांच्या गाड्या चढल्या तर खाऱ्या पाण्यात बोटीला सुमारे 19.5 घनमीटर जास्त पाणी सारावं लागतं; भागिले 200, म्हणजे बोट जवळपास 10 सेंटिमीटर खाली बसते. उन्हाळ्यात खाडीच्या मुखाशी समुद्राचं पाणी आणि पावसाळ्यात वाशिष्ठीचा लोंढा, या दोन टोकांत पूर्ण 200 टनांसाठी 195 आणि 200 घनमीटर असा फरक निघतो. त्याला 200 ने भागलं की सुमारे अडीच सेंटिमीटर. खाऱ्यात कमी बुड, गोड्यात जास्त.

नमुन्यातलं घनतेचं वाक्य इथे आडवं आलं. ‘घनता अधिक तितके प्लावक बल अधिक.’ दगडाला हे लागू आहे: खाऱ्या पाण्यात तोच दगड 177.5 ग्रॅमच भरेल, म्हणजे बल वाढलं. पण बोटीवरचं प्लावक बल खाऱ्यात आणि गोड्यात सारखंच असतं, कारण ते तिच्या वजनाइतकं असावंच लागतं. बदलतं ते बुडालेलं आकारमान. पुस्तकातलं वाक्य चूक नाही, ते बुडालेलं आकारमान तेवढंच राहतं असं गृहीत धरून लिहिलेलं आहे. शब्दांना शब्द लावणाऱ्याला ही अट कधीच दिसत नाही. आम्हालाही ती दिसली ती दोन्ही वस्तूंना वाक्य लावून पाहिल्यावरच.

एवढं झाल्यावर अहवालात गेलेला परिच्छेद असा:

‘फेरीबोटीचा तळ पाण्याच्या पातळीपासून जितका खाली, तितका त्याच्यावर पाण्याचा दाब जास्त. समोरासमोरच्या बाजूंवरचे दाब एकमेकांना खोडून काढतात. तळावरचा दाब मात्र बोटीला वर रेटतो. या रेट्याला प्लावक बल म्हणतात. त्याचे माप काढण्यासाठी बोटीने पाण्याखाली जेवढी जागा व्यापली आहे, तेवढ्या जागेत मावणाऱ्या पाण्याचे वजन काढावे [3, पृ. 112]. बोट स्थिर तरंगत असेल तर हे बल गाड्या-माणसांसकट तिच्या एकूण वजनाला पुरे पडते. म्हणूनच एखादा टेम्पो चढला की बोट तेवढीच खाली बसते, जेवढ्याने त्या टेम्पोच्या वजनाइतके जादा पाणी दूर सारले जाईल. खारे पाणी घनतेने जास्त असल्याने तिथे कमी आकारमानात काम भागते. पाणी गोडे होत गेले की त्याच वजनासाठी बोटीला आणखी थोडे खाली उतरावे लागते.’

चौकटी कंसातला आकडा पाहिलात? शब्द सगळे आपले झाले तरी संदर्भ जात नाही. पुष्कळांचा समज असा की अवतरणचिन्हं काढली की संदर्भही काढायचा. वास्तविक आर्किमिडीजचं तत्त्व ही सर्वज्ञात गोष्ट आहे, नुसत्या नियमाला संदर्भ नसला तरी कुणी अडवणार नाही. पण ‘पाण्याखालची जागा पाण्याने भरली असती तर’ ही मांडणी आम्ही एका पुस्तकातून शिकलो, म्हणून तिथे, त्याच वाक्याच्या शेवटी, आकडा घातला. परिच्छेदाच्या अगदी शेवटी घातला असता तर टेम्पोचं वाक्यही त्या लेखकाच्या माथी गेलं असतं. ते आमचं आहे. पुस्तकातली आकृती हाताने पुन्हा काढली असेल, तर तिच्याखालीही ‘अमुकच्या आधारे’ लिहावं लागतं. पेन आपलं असलं तरी कल्पना तिकडची.

आर्किमिडीजच्या मूळ ग्रंथाचा संदर्भ आम्ही दिला नाही, कारण आम्ही तो वाचलेला नाही. पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेतून मोठं नाव उचलून आपल्या यादीत टाकणं ही वेगळी उचलेगिरी. न्हाणीघरातून ‘युरेका’ ओरडत धावल्याची गोष्टही गाळली. ती आर्किमिडीजच्या उपलब्ध लिखाणात नाही, रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दोनेक शतकांनी सांगितलेली आहे, आणि त्यातला मुद्दा मुकुटाने किती पाणी सांडलं हा आहे, बल किती मिळालं हा नव्हे. आमच्या बोटीला तिचा काही उपयोग नव्हता.

तपासणी कागदावर केली. दोन्ही परिच्छेद शेजारी छापून जुळणारे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केले. कुलूपबंद संज्ञा सोडल्यावर सलग पाच शब्द कुठे जुळले नाहीत. मग वाक्यांचा क्रम ताडून पाहिला: पुस्तकात काय, किती, का, आमच्यात का, काय, किती, मग बोट. शेवटी मजकूर परत पुस्तकाशी अर्थाने लावून पाहिला. पुस्तक मिटून लिहिताना आठवणीतून एखादी अट गळते, आणि ती या टप्प्यावरच सापडते. आमच्याकडून ‘स्थिर’ हा शब्द गळला होता. लाटेवर वरखाली होणाऱ्या बोटीला क्षणाक्षणाला बल आणि वजन समान नसतं, म्हणून तो परत घातला.

इंग्रजी पुस्तकातून मराठीत आणलं की सुटलो, असंही मानतात. भाषांतरात शब्द एकही जुळत नाही, त्यामुळे संगणकाला कदाचित काही दिसणार नाही. पण वाक्यांचा क्रम, उदाहरणं, युक्तिवाद सगळं तिकडचंच असतं. मार्गदर्शकांनी तेच पुस्तक शिकवलेलं असेल तर दुसऱ्या ओळीला ओळखतात. भाषांतर करायचंच तर ‘भाषांतर आमचे’ असं सांगून अवतरणात द्यावं. व्याख्येच्या बाबतीत तर कधी कधी मूळ वाक्य अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह देणंच शहाणपणाचं. एखाद्या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजून बसवलेला असतो, तिथे आपली कारागिरी करू नये. फक्त अहवालभर अवतरणंच नकोत. आमच्या सिद्धान्ताच्या भागात ते एकच ठेवलं.

लिहून झाल्यावर परिच्छेद समजून लिहिलाय की नाही, हे पाहायला ओहोटीची एक गोष्ट उपयोगी पडली. खाडीच्या कडेला होड्या चिखलात बसतात. भरतीचं पाणी होडीच्या भोवती चढतं, हिशेबाने ती उचलली जायला हवी, तरी कधी कधी ती चिकटून राहते आणि कुणीतरी बांबूने हलवल्यावर सुटते. नुसता नियम पाठ असेल तर याचं उत्तर नाही, कारण पाणी तर बाजूला सारलं गेलेलं आहे. आमच्या परिच्छेदात उत्तर आहे: रेटा तळावरच्या पाण्याच्या दाबाचा आहे, आणि तळ चिखलाला घट्ट बसला असेल तर पाणी खाली शिरेपर्यंत तो रेटा पुरता मिळत नाही. हे वाक्य अहवालाच्या ‘मर्यादा’ या भागात टाकलं, आणि तिथे संदर्भाचा आकडा घालावा लागला नाही.